टाकी ते नळ: दोन बाथरूमच्या घरासाठी पाइपांचे माप

नव्या घरात पाइप किती इंची घालायचा, हे ठरवताना दोन प्रश्न ओळीने सोडवावे लागतात. गर्दीच्या वेळी त्या पाइपातून मिनिटाला किती लिटर पाणी जाणार, हा पहिला. तेवढे पाणी वाहताना घर्षणात किती दाब खर्ची पडणार आणि नळापाशी किती उरणार, हा दुसरा. फिक्स्चर युनिट पद्धत यांतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर टाकीची उंची, पाइपाची लांबी आणि त्याचा आतला व्यास यांवरून काढावे लागते. गच्चीवर टाकी असलेल्या आपल्याकडच्या घरांत खरी मेख या दुसऱ्या प्रश्नातच असते.

ही पद्धत अमेरिकेतली. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेतले रॉय हंटर यांनी १९४० साली ती मांडली. घरातले सगळे नळ एकाच क्षणी पूर्ण उघडे राहतील असे धरून पाइप घालायचे, तर ते विनाकारण फार मोठे होतात. कारण तसा क्षण जवळपास कधीच येत नाही. मग किती नळ एकाच वेळी चालू धरायचे? हंटर यांनी याचे उत्तर संभाव्यतेच्या गणितातून काढले. गर्दीच्या वेळी एक फ्लश टँक दर पाच मिनिटांनी वापरली जाते आणि भरायला एक मिनिट घेते असे धरले, तर कोणत्याही क्षणी ती भरत असण्याची शक्यता पाचात एक असते. दोन टाक्या एकाच क्षणी भरत असण्याची शक्यता पंचविसात एक, म्हणजे शंभरात चार. तीन टाक्यांची १२५ मध्ये एक, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. अंदाजापेक्षा मागणी जास्त होण्याची वेळ शंभरात एकदाच आली तर चालेल, अशी मर्यादा हंटर यांनी घातली होती. त्या हिशेबाने तीन फ्लश टँक असल्या, तरी पाइपाने दोनच टाक्यांचे पाणी एका वेळी पुरवले की भागते.

नळ, शॉवर, सिंक अशी वेगवेगळ्या स्वभावाची साधने एकत्र आली, की हे गणित किचकट होते. ते सोपे करण्यासाठी हंटर यांनी प्रत्येक साधनाला एक वजन दिले. साधन किती जोराने पाणी घेते, किती वेळ घेते आणि किती वेळाने पुन्हा घेते, या तिन्ही गोष्टी त्या एका आकड्यात सामावल्या आहेत. हाच आकडा म्हणजे फिक्स्चर युनिट. ते लिटर नव्हे आणि लिटर प्रतिमिनिटही नव्हे. पाइपाच्या एखाद्या भागावर जी साधने अवलंबून आहेत त्यांच्या युनिटांची बेरीज करायची आणि त्या बेरजेपुढचा प्रवाह तक्त्यात पाहायचा, एवढेच काम उरते.

आज निरनिराळ्या संहितांमध्ये या वजनांचे आकडे थोडेफार वेगळे आहेत. इथे अमेरिकेतल्या इंटरनॅशनल प्लंबिंग कोडच्या परिशिष्टातले, खासगी घरांसाठीचे आकडे घेतले आहेत. त्यात फ्लश टँकचे २.२ युनिट, बेसिनचे ०.७, तर शॉवर, स्वयंपाकघरातले सिंक आणि कपड्यांचे मशीन यांचे प्रत्येकी १.४ युनिट धरतात. कमोड, बेसिन आणि अंघोळीची जागा एकाच बाथरूममध्ये असेल, तर तिन्हींचे मिळून ४.३ न धरता ३.६ च धरण्याची मुभा आहे. एक माणूस एका वेळी एकच साधन वापरतो, हा त्यामागचा साधा विचार. आपल्याकडच्या बाथरूममधला बादलीचा नळ या तक्त्यात वेगळा नाही. शॉवर आणि नळ एकाच वॉल मिक्सरवर असतील तर एका वेळी एकातूनच पाणी येते, म्हणून ते दोन्ही मिळून एक साधन मानणे रास्त आहे. हेल्थ फॉसेटचा वापर फ्लशच्या आधी होतो, फ्लशबरोबर नाही; त्यामुळे त्याचेही वेगळे युनिट धरण्याची गरज पडत नाही.

आता एक घर घेऊ. तळमजला आणि वर एक मजला. दोन्ही मजल्यांवर एकावर एक येणारी एकेक बाथरूम. स्वयंपाकघर आणि कपड्यांचे मशीन खाली. प्रत्येक बाथरूममध्ये स्वतःचा गीझर. गच्चीच्या स्लॅबवर दीड मीटर उंच कट्टा बांधून त्यावर टाकी ठेवलेली आहे. दोन बाथरूमचे ७.२, सिंकचे १.४ आणि मशीनचे १.४ मिळून बरोबर १० युनिट होतात. तक्त्यात १० युनिटांपुढे मिनिटाला १४.६ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ५५ लिटर असा प्रवाह आहे. टाकीतून एकच पाइप खाली येणार असेल, तर त्याच्या पहिल्या टप्प्याला एवढे पाणी वाहून न्यावे लागेल.

पुढच्या टप्प्यांचा हिशेब खालून वर करत यायचा असतो. वरच्या बाथरूमच्या फाट्यावर ३.६ युनिट, म्हणजे मिनिटाला २८ लिटर. तिथून तळमजल्याकडे जाणाऱ्या पाइपावर खालची बाथरूम, सिंक आणि मशीन मिळून ६.४ युनिट, म्हणजे ४२ लिटर. २८ आणि ४२ यांची बेरीज ७० होते, पण त्यांना पाणी देणाऱ्या पाइपाचा प्रवाह मात्र ५५ च आहे. ही चूक नाही, पद्धतीचे मर्मच ते आहे. युनिटांची बेरीज करायची, लिटरांची कधीच करायची नाही. साधने वाढतात तशी ती सगळी एकाच वेळी चालू असण्याची शक्यता घटते. एका युनिटाला तक्ता सुमारे ११ लिटर देतो, १० युनिटांना ५५ आणि २० युनिटांना ७४. प्रत्येक फाट्याचे लिटर काढून ते पुढे बेरजेत धरणे ही या पद्धतीतली नेहमीची चूक आहे. तिच्यामुळे मुख्य पाइप गरजेपेक्षा मोठा निघतो.

गीझरमुळे होणारी गफलतही इथेच टाळायला हवी. तक्त्यात बाथरूमसाठी थंड पाण्याचे २.७, गरम पाण्याचे १.५ आणि एकूण ३.६ असे तीन आकडे असतात. गीझर बाथरूममध्येच असेल तर त्यात जाणारे पाणीही थंड पाण्याच्या फाट्यातूनच येते. म्हणून त्या फाट्याला २.७ नव्हे, तर ३.६ हाच आकडा लावायचा. गीझरपासून मिक्सरपर्यंतच्या गरम पाइपाला १.५ युनिट, म्हणजे मिनिटाला सुमारे १५ लिटर.

इथपर्यंतचे काम कागदावर दहा मिनिटांत होते. पुढचा भाग दाबाचा, आणि तो जास्त महत्त्वाचा.

अमेरिकेतल्या घरात पाणी रस्त्याखालच्या वाहिनीतून दाबाने येते. तिथली संहिता साध्या शॉवरपाशीही, पाणी वाहत असताना, निदान ८ पौंड प्रति चौरस इंच दाब मागते. हा दाब पाण्याच्या सुमारे ५.६ मीटर उंचीइतका होतो. आपल्या उदाहरणातल्या घराचे काय? वरच्या मजल्याच्या जमिनीपासून गच्ची ३ मीटरवर आणि टाकीचा तळ त्याच्याही वर दीड मीटर, म्हणजे ४.५ मीटरवर. शॉवर जमिनीपासून २.१ मीटरवर. टाकी तळाला आलेली असताना शॉवरच्या वाट्याला फक्त २.४ मीटर उंचीचा दाब आहे, आणि तोही पाणी स्थिर असतानाचा. टाकी पूर्ण भरली तर यात जेमतेम एक मीटरची भर पडते. त्यामुळे तक्त्यातून प्रवाह घेतला, तरी पाइपांची मापे अमेरिकेतल्या तयार कोष्टकांतून उचलता येत नाहीत. घर्षणाचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. तक्त्यातला प्रवाह दाबाच्या पाण्यावर बेतलेला असल्याने, टाकीच्या घरात तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्तच असतो. पण ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

घर्षणात जाणारा दाब व्यासावर विलक्षण अवलंबून असतो. प्रवाह तोच ठेवून आतला व्यास दुप्पट केला, तर हेझन-विल्यम्स सूत्राने हा तोटा सुमारे २९ पटींनी कमी होतो. म्हणून एका मापाचा फरकही मोठा ठरतो. सीपीव्हीसीचा एक इंची पाइप आतून सुमारे २३ मिलिमीटर असतो, सव्वा इंची सुमारे २८ आणि दीड इंची सुमारे ३४. मिनिटाला ५५ लिटर वाहताना एक इंची पाइपात दर मीटरला सुमारे २४ सेंटिमीटर उंची खर्ची पडते, सव्वा इंचीत ९ आणि दीड इंचीत फक्त ४.

टाकीपासून वरच्या बाथरूमच्या फाट्यापर्यंत पाइप साडेसात मीटर लांब आहे असे धरू. त्यात गच्चीवरची आडवी धाव आली, कट्ट्यावरून उतरण आली आणि डक्टमधला थोडा भाग आला. वाटेतले एल्बो, टी आणि व्हॉल्व्ह यांतही दाब जातो. त्यासाठी लांबीत निम्म्याने भर घालण्याचा ठोकताळा घरगुती कामाला पुरतो, म्हणजे हिशेबाची लांबी ११ मीटर झाली. बाथरूममधला फाटा चार मीटरचा, हिशेबाला सहा.

बरेच प्लंबर सवयीने सगळीकडे एक इंची मुख्य पाइप आणि पाऊण इंची फाटे टाकतात. या घरात तसे केले, तर एकट्या मुख्य पाइपातच २.६ मीटर उंची खर्ची पडते. हाताशी आहे २.४. म्हणजे गर्दीच्या वेळी वरच्या शॉवरला पाणी मिळूच शकत नाही. तळमजल्याचे नळ, जास्त खाली असल्यामुळे, सगळे पाणी ओढून नेतात. वर कोणी अंघोळ करत असताना खाली नळ सोडला, की शॉवर बंद पडतो, अशी तक्रार कित्येक घरांत ऐकू येते. तिचे मूळ बहुधा इथेच असते. खालची ओढ फारच जोराची असेल, तर वरच्या उघड्या नळातून पाइपात हवाही शिरते. मग नळ धापा टाकू लागतो, पाणी थुंकल्यासारखे येते.

मुख्य पाइप सव्वा इंची केला तर त्यात एक मीटर जातो. पण फाटा पाऊण इंचीच ठेवला, तर २८ लिटरच्या प्रवाहाला त्यातही जवळपास १.४ मीटर जातात आणि शॉवरपाशी काहीच उरत नाही. फाटा एक इंची केला की तिथला तोटा ४० सेंटिमीटरवर येतो. आता मुख्य पाइप दीड इंची घेतला, तर त्यातला तोटा ४४ सेंटिमीटर, आणि शॉवरपाशी दीड मीटरहून थोडे जास्त शिल्लक राहते. साध्या शॉवरला एवढे चालून जाते. मोठ्या रेन शॉवरला मात्र उत्पादकाच्या पत्रकात जास्त दाब सांगितलेला असतो, आणि तो विकत घेण्याआधी पाहून ठेवावा. पाइप कितीही मोठा केला, तरी मूळच्या २.४ मीटरपेक्षा जास्त दाब त्यातून निघणार नाही.

याहून चांगली रचना म्हणजे टाकीतून दोन वेगळे पाइप खाली आणणे: एक फक्त वरच्या बाथरूमसाठी, दुसरा तळमजल्यासाठी. वरच्या पाइपावर मग ३.६ युनिटच राहतात. तो डक्टपर्यंत सव्वा इंची आणि बाथरूममध्ये एक इंची घेतला, तर एकूण तोटा सुमारे ७० सेंटिमीटर होतो आणि १.७ मीटर शिल्लक राहतात. मुख्य म्हणजे खाली कितीही नळ सोडले, तरी त्याचा वरच्या शॉवरवर परिणाम होत नाही, कारण दोघांचा रस्ताच वेगळा आहे. तळमजल्याच्या पाइपावर ६.४ युनिट आहेत, म्हणजे भार जवळपास दुप्पट. तरी त्याला एक इंची पाइप पुरतो. तिथे शॉवरसाठी ५.४ मीटर उंची हाताशी असते. १६ मीटर हिशेबी लांबीत २.३ मीटर गेले आणि पाऊण इंची फाट्यात १.४ गेले, तरी १.७ उरतातच.

ज्या पाइपावर भार कमी तोच मोठा घालावा लागतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते. पण ज्याच्यापाशी खर्चायला उंची कमी, त्याला कमी तोट्याचा, म्हणजे मोठा पाइप लागतो. टाकीला सगळ्यांत जवळची बाथरूम ही टाकीच्या घरातली सगळ्यांत अवघड बाथरूम असते. घराच्या नकाशावर पहिला हिशेब तिचाच करावा आणि बाकीच्या जागा त्यानंतर घ्याव्यात. तिथे गणित जमत नसेल, तर कट्टा आणखी मीटरभर उंच करणे हा उपाय बांधकाम चालू असतानाच स्वस्तात होतो.

गरम पाण्याच्या पाइपातही हीच काळजी लागते. गीझरच्या तोंडाला अर्धा इंची जोड असतो, म्हणून पुढचा पाइपही अर्धा इंचीच टाकला जातो. मिनिटाला १५ लिटर वाहताना त्यात दर मीटरला सुमारे ४५ सेंटिमीटर उंची जाते. पाऊण इंचीत हाच तोटा ७ सेंटिमीटर आहे. गीझरच्या तोंडातला झडपेचा अडथळा तर टाळता येत नाही. निदान पाइप तरी अडथळा होऊ नये. गरम बाजू दुबळी पडली की मिक्सरमध्ये थंड पाणी वरचढ ठरते आणि हवे तसे कोमट पाणी मिळत नाही. अर्धा इंची पाइप फक्त नळाजवळच्या शेवटच्या हातभर तुकड्यासाठी ठेवावा.

हिशेब बरोबर करूनही दुकानात घोटाळा होऊ शकतो, कारण पाइपाचे नाव आणि त्याचा आतला व्यास एक नसतो. एक इंची सीपीव्हीसी पाइपाला २५ मिलिमीटर म्हणतात आणि तो आतून सुमारे २३ असतो. पण पीपीआर पाइपाचे माप बाहेरच्या व्यासावरून सांगतात. त्यामुळे जाड भिंतीचा २५ मिलिमीटर पीपीआर पाइप आतून अवघा १८ मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे सीपीव्हीसीच्या पाऊण इंचीइतका. नकाशावर ‘२५’ लिहिलेले पाहून त्याच आकड्याचा पीपीआर टाकला, तर पाइप नकळत एका मापाने लहान होतो. म्हणून नकाशावर पाइपाच्या नावाबरोबर आतला व्यासही लिहून ठेवावा. टाकीला बसवलेला निपलही त्याच मापाचा हवा. सव्वा इंची पाइप आणि त्याच्या तोंडाशी एक इंची निपल अशी जोडणी सर्रास दिसते.

गच्चीवरचा आडवा पाइप मध्येच उंच झाला, तर तिथे हवा अडकते आणि कमी दाबाचे पाणी तिला ढकलू शकत नाही. हा पाइप डक्टकडे सलग उतार देऊनच न्यावा. उतरणीच्या तोंडाशी हवेसाठी एक उभा उघडा पाइप काढून तो टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्यावा. हे दोन्ही केले नाही, तर वर काढलेली मापे बरोबर असूनही नळाला पाणी येणार नाही.

घरात प्रेशर पंप बसवायचा असेल, तर चित्र बदलते. पंप १५ मीटर उंचीइतका दाब देत असेल, तर अडीच मीटरचा तोटाही सोसतो आणि एक इंची मुख्य पाइप पुरतो. तेव्हा मापाला मर्यादा घालतो तो वेग. थंड पाण्यासाठी सेकंदाला सुमारे २.४ मीटर ही प्रचलित वरची मर्यादा आहे. त्यापुढे पाइपात आवाज होतो आणि नळ झटकन बंद केला की धक्का बसतो. ५५ लिटर नेताना एक इंची सीपीव्हीसीत वेग सुमारे २.२ मीटर असतो, म्हणजे मर्यादेच्या आत. वीज गेल्यावर मात्र तेच पाइप पुन्हा टाकीच्या उंचीवर चालवायचे असतात. पंप बसवणार म्हणून पाइप लहान करण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

पद्धतीच्या मर्यादाही आहेत. हंटर यांचे गणित गर्दीच्या मोठ्या इमारतींसाठी होते आणि त्यात प्रत्येक साधन आपापल्या वेळी, एकमेकांशी संबंध नसताना वापरले जाते असे गृहीत आहे. एका कुटुंबाच्या घरात हे पूर्ण खरे नसते. शाळा-नोकरीच्या घाईत दोन्ही बाथरूम एकाच अर्ध्या तासात चालू असतात आणि मशीनही तेव्हाच लावलेले असते. उलट कमी पाणी घेणारी नवी साधने आल्यापासून जुने आकडे जास्त भरतात. म्हणूनच अमेरिकेतल्या युनिफॉर्म प्लंबिंग कोडने २०१८ च्या आवृत्तीत घरांसाठी वेगळी, कमी प्रवाह देणारी गणनपद्धत परिशिष्टात दिली. ती दाबाच्या पाण्यासाठी आहे. टाकीच्या घरात, जिथे उंची मुळातच तुटपुंजी आहे, तिथे जुन्या आकड्यांची थोडी सढळता टिकवणे शहाणपणाचे.

फरशी आणि टाइल्स बसण्याआधी या सगळ्याची तपासणी एका बादलीने करता येते. वरच्या बाथरूममधला नळ एकटाच पूर्ण उघडून दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहायचे. मग खालचे दोन नळ सोडून तीच बादली पुन्हा भरायची. दुसऱ्या वेळी बराच जास्त वेळ लागला, तर दोन्ही मजल्यांना सामाईक असलेला पाइप किंवा टाकीचा निपल लहान आहे. दोन्ही वेळी सारखाच पण फार वेळ लागला, तर दोष वरच्या बाथरूमच्या स्वतःच्या पाइपात आहे: अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, जोडात अडकलेला सिमेंटचा खडा, अडकलेली हवा किंवा मापाने लहान निघालेला फाटा. ही तपासणी टाकीत वीतभर पाणी असतानाच करावी. भरलेल्या टाकीवर लहान पाइपही पास होतो.